कार्डावर एक रकाना वाढवा : डोळ्यातली वेल किती मिलिमीटर?

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत मोफत नेत्रतपासणी शिबिरं भरवणारी सगळी गणेशोत्सव आणि नवरात्रोत्सव मंडळं, कोळीवाड्यांतले कार्यकर्ते, आणि टेबलामागे बसणारे माझे चष्मावाले बंधू-भगिनी,

विषय : डोळ्यातली वेल (टेरिजियम) पाहून न पाहिल्यासारखी सोडून देण्याबद्दल.

सप्रेम नमस्कार.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. वीस वर्षं झाली, दर नवरात्रात तुमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या मंडपात नंबर तपासायला बसते. त्यामुळे हे पत्र बाहेरून लिहिलेली तक्रार समजू नका. ज्या चुकीबद्दल लिहिते आहे, ती माझ्याच हातून झालेली आहे आणि त्या कार्डावरचं अक्षरही माझंच आहे.

ऑक्टोबर २०२१. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातले एक मासेमारी करणारे गृहस्थ, वय अठ्ठेचाळीस, रांगेत उभे होते. सगळे त्यांना दादूस म्हणतात, मीही तेच म्हणेन. समोर बसल्या बसल्या म्हणाले, "ताई, डोल्यानचा कचरा काय जात नाय." मी टॉर्च मारला. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने, पांढऱ्या भागावर, गुलाबी मांसल पदर होता आणि त्याचं टोक काळ्या बुबुळावर थोडं चढलं होतं. कचरा वगैरे काही नव्हता, वेल होती. मागे साठ माणसं ताटकळत होती. मी जवळचा चष्मा लिहिला आणि कार्डावर खरडलं : "उ. डोळा वेल. ड्रॉप्स." ड्रॉप्सचं नाव शिबिरातल्या डॉक्टरांनी दिलं, सात दिवसांसाठी. दादूस गेले, पुढचा नंबर आला.

त्या ओळीत काय राहिलं? वेल किती आली आहे ते नाही. परत कधी दाखवायचं ते नाही. ड्रॉप्स कधी बंद करायचे तेही नाही, कारण "सात दिवस" हे शब्द डॉक्टरांनी तोंडी सांगितले होते, कार्डावर माझ्याकडून ते उतरलेच नाहीत. या तिन्हींची किंमत दादूसनी पुढची तीन वर्षं मोजली.

आधी वेल म्हणजे काय ते सांगते, कारण मंडपात तिला मोतीबिंदूपासून "पडदा आलाय" पर्यंत काहीही म्हटलं जातं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक कातडी असते. तीच जाड होते, तिच्यात रक्तवाहिन्या येतात आणि ती त्रिकोणी पाचरीसारखी कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या स्वच्छ काचेवर, सरकायला लागते. मोतीबिंदू डोळ्याच्या आत, भिंगात असतो. वेल बाहेर, पृष्ठभागावर असते आणि आरशात दिसते. बुबुळाच्या कडेला न ओलांडता तिथेच थांबलेला पिवळसर उंचवटा पुष्कळ जणांना असतो, तो वेगळा आणि बहुधा निरुपद्रवी. कड ओलांडली की वेल.

ती बहुतेक वेळा नाकाच्याच बाजूने का येते, हे मला शिकताना कुणी नीट सांगितलं नव्हतं. घरी करून बघण्यासारखं आहे. खोलीत अंधार करा, समोरच्याला सरळ बघायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च त्याच्या कानाच्या बाजूने, डोळ्याच्या किंचित मागून, क्षणभर धरा. बुबुळाची नाकाकडची कड एकदम उजळते. कॉर्निया गोल आहे, भिंगासारखा वागतो आणि कडेने येणारा प्रकाश गोळा करून बरोबर त्याच जागी टाकतो. नाकाच्या बाजूने येणारा प्रकाश नाकच अडवतं, कानाच्या बाजूला अडवायला काही नाही. ऊन हेच करतं, फक्त टॉर्चमध्ये नसलेले अतिनील किरण घेऊन. त्या कडेवरच्या मूळ पेशी, ज्या पांढऱ्या भागाला बुबुळापासून अडवून धरतात, वर्षानुवर्षं मार खाऊन दुबळ्या होतात आणि कातडी आत शिरते. खाडीत होडीवर असलेल्या माणसाला वरून ऊन, खालून पाण्यावरची तिरीप. आपल्याकडे सगळे धुळीला दोष देतात. धूळ आणि वारा डोळा लाल करतात, वेल चिडवतात, पण मुख्य गुन्हेगार ऊन आहे. म्हणूनच नुसत्या गॉगलपेक्षा कडा झाकणारा गॉगल आणि रुंद काठाची टोपी उपयोगी. काच काळी असून भागत नाही, अतिनील किरण अडवणारी हवी. आणि हेही स्पष्ट सांगते की गॉगलने आलेली वेल मागे जात नाही. मध, कांद्याचा रस, एरंडेल यानेही जात नाही. त्याने डोळा भाजलेले लोक मात्र मी पाहिले आहेत.

आता दादूसकडे परत. डिसेंबर २०२२ मध्ये ते दुकानात आले, दूरचं अंधुक दिसतं म्हणून. उजव्या डोळ्यात सिलिंडर नंबर, म्हणजे काचेची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसल्यामुळे लागणारा नंबर, ०.७५ निघाला, डाव्यात ०.२५. या वेळी मी पट्टी घेतली. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायची जी मिलिमीटरची पट्टी आपल्या प्रत्येक चष्म्याच्या दुकानात असते, तीच. त्यांना सरळ माझ्या कपाळाकडे बघायला सांगितलं, पट्टी खालच्या पापणीच्या जवळ, डोळ्याला न लावता आडवी धरली आणि बुबुळाच्या कडेपासून वेलीच्या टोकापर्यंत मोजलं. दीड मिलिमीटर. पांढऱ्या भागावर ती किती पसरली आहे ते मोजायचं नसतं. तिथे ती लाल होऊन मोठी दिसते आणि माणूस घाबरतो, पण नजरेला फरक पडतो तो कड ओलांडून आत आलेल्या भागाने.

दीड मिलिमीटर कमी की जास्त? आपलं बुबुळ आडवं साधारण साडेअकरा ते बारा मिलिमीटर असतं. दिवसा बाहुली तीन-चार मिलिमीटरची. म्हणजे कडेपासून बाहुलीच्या काठापर्यंत चारेक मिलिमीटरचंच अंतर. लोकांना वाटतं वेल बाहुलीवर आली तरच दिसायला त्रास. तसं नाही. ती काचेवर बसली की काच ओढली जाते, आडव्या दिशेने चपटी होते आणि सिलिंडर नंबर चढू लागतो. दोन-अडीच मिलिमीटर ओलांडले की हा परिणाम ठळक व्हायला लागतो, बाहुली अजून मोकळी असतानाच.

म्हणून चष्मावाल्यांनो, एका डोळ्याचा सिलिंडर दर खेपेला वाढतो आहे आणि दुसरा जागेवर आहे, आणि वाढणाऱ्या डोळ्यात वेल आहे, असं दिसलं तर नवीन काच घालून पैसे घेण्याआधी थांबा.

दादूसना मी सहा महिन्यांनी या म्हटलं. आले पंधरा महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये. त्यांना दोष देत नाही. हंगामात माणूस होडी सोडून डोळा दाखवायला येत नाही, आणि दुखत नसेल तर मुळीच नाही. सिलिंडर १.७५ झाला होता, डावा तसाच ०.२५. या वेळी फोटोही काढला. ही युक्ती कार्यकर्त्यांनाही जमेल, म्हणून सविस्तर सांगते. माणूस सरळ बघत असताना समोरून फोटो काढायचा, फ्लॅशशिवाय, उजेडात. मग पडद्यावर बोटांनी मोठा करायचा आणि पट्टी पडद्यावरच लावायची. माझ्या पडद्यावर बुबुळाची रुंदी ६० मिलिमीटर भरली, आत आलेली वेल १३. खरं बुबुळ साडेअकरा धरलं, तर १३ भागिले ६०, गुणिले ११.५, म्हणजे जवळजवळ अडीच मिलिमीटर. दीडवरून अडीच.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. पट्टीने असो की फोटोने, अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते. हात हलतो, मान कलते. तेव्हा दीडाचे दोन झाले म्हणून वेल वाढली असं छातीठोकपणे म्हणू नका. एक मिलिमीटरचा फरक मात्र खरा मानायचा. रुग्णालयात स्लिट लॅम्पच्या उजेडाच्या पट्टीने जास्त अचूक मोजतात. आपण मंडपात मोजायचं ते डॉक्टरांच्या जागी बसण्यासाठी नाही, पुढच्या वेळी तुलना करायला काहीतरी हातात असावं म्हणून.

त्याच दिवशी मी सहज विचारलं, ड्रॉप्स कुठले टाकता? त्यांनी खिशातून बाटली काढली. लेबल पुसट झालेलं, बाटली नवी. २०२१ पासून माझंच कार्ड दाखवून औषधवाल्याकडून तेच स्टिरॉइडचे ड्रॉप्स महिन्या-दोन महिन्यांनी घेत होते. "टाकला की लाली जातेय, म्हनून." जाते खरी. स्टिरॉइडने सूज ओसरते, वेल फिकी दिसते, माणसाला वाटतं बरं झालं. वेल तिथेच असते. आणि काही जणांत तेच औषध महिनोन्महिने गेलं की डोळ्यातला दाब वाढतो, दुखत-खुपत काही नाही, आणि काचबिंदूने नजर कायमची जाते. मी त्यांना त्याच आठवड्यात नेत्रशल्यचिकित्सकांकडे पाठवलं. उजव्या डोळ्याचा दाब २८ निघाला. सर्वसाधारणपणे तो दहा ते एकवीसच्या आत असतो. ड्रॉप्स बंद झाले, दाबाचं औषध काही आठवडे चाललं आणि तो १७ वर उतरला. नसेला इजा झालेली नव्हती. नशीब.

वेलीसाठी साधे कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स चुरचुरीला पुरतात. स्टिरॉइड द्यायचंच असेल तर ते डॉक्टरांनी, थोड्या दिवसांसाठी, दाब तपासत द्यायचं. शिबिराच्या कार्डावर त्याचं नाव लिहायचंच असेल तर बंद करायची तारीख शेजारी लिहा. "लाली घालवणारे" म्हणून मिळणारे ड्रॉप्सही रोजचे नव्हेत. ते सोडले की डोळा आधीपेक्षा लाल होतो, आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो.

आता मूळ मुद्दा, कुणाला कधी परत दाखवायला सांगायचं. माझ्या समजुतीप्रमाणे आणि ज्या डॉक्टरांबरोबर काम करते त्यांच्या रिवाजाप्रमाणे लिहिते. वेल लहान आहे, दोन मिलिमीटरच्या आत, सिलिंडर नाही, लाली नाही, तर पहिल्यांदा सहा महिन्यांनी आणि फरक नसेल तर पुढे वर्षातून एकदा. दोन ते तीनच्या मध्ये, किंवा मागच्या मोजमापापेक्षा मिलिमीटरभर पुढे, किंवा सिलिंडर चढतोय, तर काही आठवड्यांत नेत्रशल्यचिकित्सकांकडे. यात शस्त्रक्रिया लगेच लागेलच असं नाही, पण निर्णय त्यांचा, आपला नाही. वेल पातळ आहे की मांसल, तेही लिहा. तिच्याखालच्या पांढऱ्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यातून दिसत असतील तर ती पातळ, बहुधा संथ. खालचं काहीच दिसत नसेल, नुसता गुलाबी मांसाचा पदर असेल, तर मांसल, आणि अशी शस्त्रक्रियेनंतरही परतण्याची शक्यता जास्त. वय कमी असेल तर तीही शक्यता वाढते.

आणि काही माणसं वर्षभर काय, आठवडाभरही थांबवायची नाहीत. डोळा दुखतो, उजेड सोसवत नाही, नजर एकाएकी खाली गेली. पाहताना दोन-दोन दिसतं, विशेषतः एकदा काढलेली वेल परत आलेल्या माणसाला, कारण तिथले व्रण डोळ्याचं वळणं अडवू शकतात. रसायन किंवा चुना डोळ्यात गेल्यानंतर कुठल्याही बाजूने चिकटलेली कातडी, जी वेल नसून व्रण असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जी वेलीसारखी दिसत नाही ती : जेलीसारखी लुसलुशीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी खडबडीत, वर पांढरट खपली, जाड रक्तवाहिन्या, काही महिन्यांतच वाढलेली. डोळ्याच्या पृष्ठभागाचा कर्करोग असाच वेलीच्या वेषात येतो. क्वचित येतो, पण "वेलच आहे, काही नाही" म्हणून घरी पाठवलेला तोच असला तर? म्हणूनच वेल काढल्यावर तुकडा तपासणीला पाठवा, असं डॉक्टरांना सांगायला रुग्णाला लाज वाटू देऊ नका.

मोतीबिंदूच्या शिबिरांना एक खास विनंती. तुमच्या बसमध्ये मोतीबिंदू आणि वेल दोन्ही असलेली माणसं बसतात. वेलीने काचेची वक्रता बदललेली असते आणि आत बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर त्याच वक्रतेवरून काढतात. मोठी वेल तशीच ठेवून माप घेतलं, की भिंग चुकीच्या नंबरचं बसू शकतं, आणि पुढे वेल काढली की चष्मा पुन्हा बदलतो. वेल मोठी असेल तर बहुतेक डॉक्टर आधी ती काढतात, काच स्थिरावायला काही आठवडे ते दोन-तीन महिने थांबतात, मग माप. हे त्यांना माहीत असतंच. पण यादीत "मोतीबिंदू" एवढंच लिहून पाठवल्यावर आणि एका दिवसात चाळीस माणसं उरकायची असल्यावर, माणूस एका फेरीतच मोकळा व्हावा असा आग्रह आपण धरतो. तो धरू नका.

दादूसची शस्त्रक्रिया पावसानंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. तोवर वेल तीन मिलिमीटर आणि सिलिंडर २.७५. जाण्याआधी मी त्यांना डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायला शिकवलं : वेल काढल्यावर त्या जागी काय लावणार? कारण वेल नुसती खरवडून पांढरा भाग उघडा सोडला, तर ती कित्येकांत परत येते, काही नोंदींत निम्म्याहून जास्त जणांत, आणि परत आलेली वेल पहिलीपेक्षा हट्टी असते. त्याऐवजी त्याच माणसाच्या वरच्या पापणीखालची निरोगी पातळ कातडी कापून त्या जागी बसवतात. ही पद्धत १९८५ पासून रूढ होत गेली. तिने परतण्याचं प्रमाण शंभरात पाच-पंधराच्या आसपास येतं, शून्यावर मात्र येत नाही. दादूसना कातडी टाक्यांऐवजी चिकटद्रव्याने बसवली, डोळा सुन्न करून. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा डोळा लालबुंद होता आणि घरचे घाबरून मला फोन करत होते. तो लालपणा आठवड्याभरात उतरायला लागतो.

ते महिनाभर होडीवर गेले नाहीत. तीन महिन्यांनी माझ्याकडे नंबर काढला तेव्हा सिलिंडर ०.७५ होता, म्हणजे २०२२ ला पहिल्यांदा मोजला होता तेवढाच. सव्वादोन वर्षं आणि दाबाची भीती मधल्या मध्ये. परत येणारी वेल बहुधा पहिल्या सहा महिन्यांत, जवळजवळ सगळ्या वर्षभरात, डोकं काढते. म्हणून त्यांच्या कार्डावर या वेळी तारखा आहेत : एक आठवडा, एक महिना, तीन, सहा, बारा. बाराव्या महिन्यापर्यंतच्या सगळ्या तारखांना ते आले. एकदा तर मासळीची टोपली घेऊनच, कारण घाईत होते.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. नवरात्रासाठी कार्डं छापायला टाकाल तेव्हा "नंबर" आणि "मोतीबिंदू" यांच्या खाली एक ओळ वाढवा : वेल, उजवा आणि डावा, किती मिलिमीटर, पातळ की मांसल, परत कधी. ड्रॉप्सच्या पुढे "बंद करण्याची तारीख". जुनी कार्डं फेकू नका, एका फाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या वर्षी तीच फाइल टेबलावर आणा. एका माणसामागे अर्धा मिनिट जाईल. टेबलं दोनाची तीन करा, लाउडस्पीकरचं भाडं थोडं कमी होऊ द्या. पट्टी मी आणेन, माझ्या दुकानात वीसेक पडून आहेत. कार्ड छापून येण्याआधी मसुदा पाठवलात, तर एका संध्याकाळी बसून कार्यकर्त्यांना मोजायलाही शिकवेन. दिवाळेतल्या मुलांपासून सुरुवात करू, दादूस डोळा दाखवायला तयार आहेत.

आपली,
नेरूळ येथील एक ऑप्टोमेट्रिस्ट